‘केले गेले’ची रांग मोडताना प्रयोगच बदलतो तेव्हा : शोधनिबंधातली कार्यपद्धती मराठीत आणताना येणारी अडचण

इंग्रजी शोधनिबंधातला ‘मटेरियल्स अँड मेथड्स’ हा भाग मराठीत आणला की बहुतेक वेळा तो असा दिसतो :

‘शेवग्याची ताजी पाने धुतली गेली, सावलीत वाळवली गेली आणि त्यांची भुकटी केली गेली. 10 ग्रॅम भुकटी 80 टक्के मिथेनॉलच्या 100 मिलीद्वारे सतत हलवण्यासह 24 तासांसाठी खोलीच्या तापमानावर निष्कर्षित केली गेली. मिश्रणाला स्थिर होण्याची परवानगी दिली गेली. 5000 जी वेगाने 10 मिनिटांसाठी 4 अंश सेल्सिअसवर सेंट्रिफ्यूज केल्यानंतर वरचा द्रव गोळा केला गेला आणि 100 मिलीपर्यंत बनवला गेला. 0.5 मिली अर्क 10 पट पातळ केलेल्या फोलिन-सिओकाल्ट्यू अभिकारकाच्या 2.5 मिलीसह मिसळला गेला आणि 5 मिनिटांनंतर 7.5 टक्के सोडियम कार्बोनेटचे 2 मिली जोडले गेले. मिश्रण 30 मिनिटांसाठी अंधारात उबवले गेले आणि शोषण 765 नॅनोमीटरवर ब्लँकविरुद्ध मोजले गेले.’

ही कृती कोणा एका निबंधातून उचललेली नाही. वनस्पतीच्या अर्कातली एकूण फिनॉले मोजणाऱ्या असंख्य निबंधांत ती थोड्याफार फरकाने येते, म्हणून उदाहरणाला घेतली. वाचणाऱ्याला पहिली खटकते ती ‘गेली, गेला, गेले’ ही रांग. ती मोडणे सोपे आहे. मग भाषांतर करणारा ती मोडतो, वाक्ये छान वाहू लागतात, आणि त्या ओघात प्रयोगाचे दोनतीन तपशील गुपचूप बदलून जातात. पुन्हा पुन्हा उद्भवणारी अडचण ही दुसरी आहे, आणि या लेखाचा बराचसा भाग तिच्यासाठी आहे.

आधी ‘गेले’चे काय करायचे

इंग्रजीला कर्ता लपवायचा असेल तर वाक्याची सगळी बांधणी उलटी करावी लागते. मराठीला भूतकाळात तशी गरज नसते. ‘आईने पोळी लाटली’ यात ‘लाटली’ हे क्रियापद पोळीप्रमाणे चालते, आईप्रमाणे नाही. त्यामुळे ‘आईने’ काढून टाकले तरी ‘पोळी लाटली’ हे वाक्य धडधाकट उभे राहते. आपल्या व्याकरणात यालाच कर्मणी प्रयोग म्हणतात. ‘रावण रामाकडून मारला गेला’ या धर्तीच्या रचनेला मात्र व्याकरणकारांनी ‘नवीन कर्मणी’ असे वेगळे नाव दिले आहे आणि ती इंग्रजीच्या वळणाची असल्याचेही नोंदवले आहे.

म्हणजे ‘पाने वाळवली गेली’ याऐवजी ‘पाने वाळवली’ एवढेच लिहावे. कर्ता इंग्रजीत जितका लपला होता तितकाच इथेही लपलेला राहतो. ‘भुकटी केली’, ‘द्रावण गाळले’, ‘नमुने साठवले’, ‘नळ्या धुतल्या’ अशी वाक्ये लागोपाठ आली तरी कानाला त्रास होत नाही, कारण दर वाक्याच्या शेवटी त्या पायरीचे खरे क्रियापद ऐकू येते. ‘-ण्यात आले’ ही सरकारी परिपत्रकातली रचना व्याकरणाने चूक नाही. पण तिने प्रत्येक वाक्याचा शेवट ‘आले’ आणि ‘आली’ होतो, आणि वाळवली, गाळली, तापवली यांतला फरक वाक्याच्या पोटात दबून जातो.

‘आम्ही’ घालून कर्तरी वाक्य करणे हा उपाय अनेकजण सुचवतात. मी तो जपून वापरायला सांगेन. मूळ निबंधात कर्ता दिलेला नसेल तर काम कोणी केले हे आपल्याला माहीत नसते. रुग्णाचे रक्त रुग्णालयातल्या परिचारिकेने काढलेले असते, जनुकक्रम बाहेरच्या प्रयोगशाळेने वाचून दिलेला असतो, वनस्पतीची ओळख वनस्पती-वर्गीकरण जाणणाऱ्याने पटवलेली असते. तिथे ‘आम्ही रक्त घेतले’, ‘आम्ही वनस्पती ओळखली’ असे लिहिले तर मूळ लेखकांनी न केलेला दावा त्यांच्या नावावर चढतो. आणि ज्या वाक्यात ‘बाय’ लावून कर्ता मुद्दाम सांगितलेला असतो तिथे तो गाळायचा नाही. ‘गट माहीत नसलेल्या दोन निरीक्षकांनी स्वतंत्रपणे गुण दिले’ या वाक्यात निरीक्षक कोण होते आणि त्यांना काय माहीत नव्हते, हाच प्रयोगाचा गाभा असतो. तिथे ‘निरीक्षकांद्वारे’ नको. साधे ‘निरीक्षकांनी’ पुरते.

हा सगळा उपाय भूतकाळापुरता आहे. वर्तमानात ‘नमुना साठवतो’ म्हटले की ‘कोण?’ हा प्रश्न उभा राहतो. निबंधात सर्वसाधारण प्रथा सांगणारे वाक्य आले तर ‘असे नमुने उणे 80 अंशाला साठवतात’ असे कर्त्याशिवायचे अनेकवचन वापरावे. आणि ‘साठवावेत’ कधीही लिहू नये. शाळा-कॉलेजातल्या प्रात्यक्षिकांच्या वह्यांमुळे ‘घ्यावे, तापवावे, गाळावे’ हे आपल्या हातात बसलेले असते, पण त्याने ‘या लोकांनी असे केले’ हे ‘तुम्ही असे करा’ होते. मूळ लेखकांनी नोंद लिहिली होती, सूचना नव्हे.

एक नकाराची जागाही सांभाळावी. ‘नमुने गाळले गेले नाहीत’ हे मराठी कानाला ‘गाळता आले नाहीत’ किंवा ‘गाळायचे राहून गेले’ असे ऐकू येते, कारण ‘माझ्याच्याने चालले जात नाही’ या धर्तीची असमर्थता या रचनेला चिकटलेली आहे. लेखकांनी ते जाणून केलेले असते. ‘नमुने गाळले नाहीत’ एवढे लिहिले की तो वास जातो.

लक्षण पहिले : काम केले की आपोआप झाले, ते कळत नाही

मराठी क्रियापदांच्या जोड्या या कामात फार उपयोगी आणि तितक्याच धोकादायक आहेत. वाळली आणि वाळवली, भिजली आणि भिजवली, गोठले आणि गोठवले, वितळले आणि वितळवले, आटला आणि आटवला. पहिल्यात गोष्ट आपसूक घडते, दुसऱ्यात कोणीतरी घडवते. इंग्रजीतले ‘वॉज ड्राइड’, ‘वॉज मेल्टेड’ जवळजवळ नेहमी दुसऱ्या प्रकारचे असते. ‘गेली’ काढायच्या घाईत ‘पाने वाळली’ असे झाले की ती उन्हात पडून वाळली असावीत असे वाटते.

उलट दिशेची चूक जास्त नुकसान करते. ‘वॉज अलाउड टु कूल’ म्हणजे थंड होण्याची परवानगी दिली असे नाही हे सगळ्यांना कळते, म्हणून ते सुधारून ‘द्रावण थंड केले’ असे लिहितात. इथेच प्रयोग बदलला. इंग्रजीत ‘वॉज कूल्ड’ आणि ‘वॉज अलाउड टु कूल’ या दोन वेगळ्या कृती आहेत. स्फटिक पाडण्याच्या प्रयोगात गरम संपृक्त द्रावण हळूहळू आपोआप निवू दिले तर स्फटिक मोठे आणि शुद्ध मिळतात. तेच द्रावण बर्फात बुडवून झटक्यात थंड केले तर बारीक स्फटिक पडतात आणि अशुद्धी त्यांत अडकते. म्हणून पहिल्यासाठी ‘निवू दिले’ किंवा ‘खोलीच्या तापमानाला येऊ दिले’, दुसऱ्यासाठी ‘बर्फावर ठेवून थंड केले’. आपल्याकडचे ‘-ऊ देणे’ हे अगदी नेमके हत्यार आहे. गाळ बसू दिला, फेस खाली जाऊ दिला, जेल घट्ट होऊ दिले.

काही क्रियापदे दोन्हीकडे चालतात आणि तिथे जोडी मदतीला येत नाही. ‘पाणी उकळले’ यात पाण्याला उकळी फुटली की कोणी ते उकळून घेतले? तिथे ‘उकळवले’ लिहावे, किंवा ‘10 मिनिटे उकळत ठेवले’. या दुसऱ्या वाक्यात अर्थही जास्त स्पष्ट होतो, कारण 10 मिनिटे उकळी फुटल्यानंतर मोजायची आहेत हे कळते.

माणसांवरच्या प्रयोगात अशाच एका जोडीने निष्कर्षाची विश्वासार्हता हलते. 100 जणांतून 8 जण ‘वगळले’ म्हणजे संशोधकांनी काही निकषावर त्यांना काढले. 8 जण ‘गळाले’ म्हणजे ते स्वतः येईनासे झाले. निबंध वाचणारा या दोहोंकडे अगदी वेगळ्या नजरेने पाहतो. तसेच ‘रुग्णांना रोज दोन गोळ्या दिल्या’ आणि ‘रुग्णांनी रोज दोन गोळ्या घेतल्या’. दिलेली गोळी घेतली गेलीच असे नाही, आणि मूळ वाक्याने फक्त देण्याबद्दल सांगितले असेल तर आपणही तेवढेच सांगायचे.

लक्षण दुसरे : पायऱ्यांचा क्रम आणि वेळ सरकते

‘गेले’ गेल्यावर पुढचा मोह असतो तो छोटी वाक्ये ‘-ऊन’ने सांधण्याचा. मराठीला ते शोभतेही. ‘पाने धुऊन वाळवली’ हे उत्तम वाक्य आहे, कारण धुणे आधी संपते आणि वाळवणे नंतर सुरू होते, आणि दोन्ही करणारा एकच आहे. ‘-ऊन’ नेमके एवढेच सांगतो. अडचण होते ती दोन पायऱ्यांच्या मध्ये वाट पाहायची असते तेव्हा.

वरच्या उतार्‍यातले फोलिन-सिओकाल्ट्यूचे वाक्य घ्या. ते ओघवते करायला गेलेला माणूस असे लिहून जातो : ‘अर्कात अभिकारक आणि सोडियम कार्बोनेट घालून 5 मिनिटांनी मिश्रण अंधारात ठेवले.’ वाचायला एकदम साफ. पण मुळात 5 मिनिटे अभिकारक आणि कार्बोनेट यांच्या मधली होती. आता ती दोन्ही घातल्यानंतरची झाली, आणि दोन्ही पदार्थ एकदम घातल्यासारखे झाले.

याने खरेच काही बिघडते का? बिघडते. हे अभिकारक फोलिन आणि सिओकाल्ट्यू यांनी 1927 मध्ये प्रथिनांतली टायरोसीन आणि ट्रिप्टोफॅन मोजण्यासाठी मांडले. पुढे सिंगलटन आणि रॉसी यांनी 1965 मध्ये वाइनमधल्या फिनॉलांसाठी त्याची पद्धत बसवली, आणि आज वनस्पतींच्या अर्कांवर वापरतात ती तिचीच रूपे आहेत. फिनॉलांशी त्याची निळा रंग देणारी अभिक्रिया अल्कधर्मी द्रावणात होते, आणि ते अल्कधर्मी करण्याचे काम सोडियम कार्बोनेट करते. पण अभिकारक स्वतः अल्कधर्मी माध्यमात फार काळ टिकत नाही. म्हणून ते आधी अर्कात नीट मिसळू द्यायचे आणि ठरावीक वेळाने कार्बोनेट घालायचे. ती 5 मिनिटे म्हणजे प्रयोगातला एक घटकच आहे. भाषांतरात ती सरकली तर कोणी ही कृती करून पाहील तेव्हा त्याचे आकडे मूळ निबंधाशी जुळणार नाहीत, आणि दोष कुठे आहे ते त्याला कधी कळणार नाही.

तिथे ‘-ऊन’ सोडून द्यावा आणि वेळ दोन पूर्ण क्रियापदांच्या मध्ये ठेवावी : ‘0.5 मिली अर्कात 2.5 मिली अभिकारक घातले. 5 मिनिटांनी त्यात 2 मिली सोडियम कार्बोनेट घातले.’ दोन वाक्ये झाली तर होऊ द्यावीत.

‘-ऊन’ आणि ‘-त’ यांचीही गल्लत होते. ‘विथ कॉन्स्टंट स्टरिंग’ म्हणजे ढवळणे आणि घालणे एकाच वेळी चालू आहे : ‘सतत ढवळत थेंब थेंब आम्ल घातले.’ इथे ‘ढवळून आम्ल घातले’ असे झाले तर ढवळणे आधीच थांबले. आम्लाचा थेंब पडतो तिथेच एकवटून राहिला तर त्या जागी अवक्षेप पडू शकतो किंवा द्रावण उसळू शकते, म्हणूनच मूळ लेखकांनी ढवळत राहण्याचा उल्लेख केलेला असतो. आणि ‘थंड होऊन गाळले’ असेही लिहू नये. थंड होणारे द्रावण आणि गाळणारा माणूस हे दोन निराळे कर्ते आहेत, त्यामुळे ‘-ऊन’ तिथे बसत नाही. ‘थंड झाल्यावर गाळले’ म्हणावे. त्यात वाट पाहिल्याचा अर्थही येतो.

लक्षण तिसरे : आकडे भलत्या क्रियेला चिकटतात

मराठीत क्रियापद शेवटी येते, त्यामुळे आधी सांगितलेला तपशील पुढच्या क्रियेला जाऊन चिकटतो. इंग्रजीत तो क्रियेच्या मागून येतो. ‘सेंट्रिफ्यूज करून, 4 अंश सेल्सिअसला 10 मिनिटांनी वरचा द्रव काढला’ असे लिहिले की 4 अंश आणि 10 मिनिटे द्रव काढण्याकडे गेली. म्हणून प्रत्येक आकडा त्याच्या स्वतःच्या क्रियेच्या लगेच आधी बसवायचा, मग वाक्य थोडे कमी गोंडस झाले तरी चालेल : ‘4 अंश सेल्सिअसला 10 मिनिटे सेंट्रिफ्यूज केले आणि वरचा निवळ द्रव काढून घेतला.’

सुरुवातीच्या उतार्‍यातल्या सेंट्रिफ्यूजच्या वाक्यात आणखी एक चूक लपलेली आहे : ‘5000 जी वेगाने’. मराठीत आकडा नुसता ठेवायला नको वाटतो म्हणून ‘वेगाने’ हा शब्द आपसूक येतो. पण 5000 जी हा वेग नाही. नमुन्यावर गुरुत्वाच्या 5000 पट बल पडले असा त्याचा अर्थ आहे. वेग म्हणजे मिनिटाला किती फेरे, आणि तेवढ्याच फेऱ्यांत किती बल पडेल हे रोटरच्या त्रिज्येवर ठरते :

```
RCF = 1.118 × 10⁻⁵ × r × rpm²
```

यात `RCF` म्हणजे गुरुत्वाच्या पटीतले बल, `r` म्हणजे रोटरची त्रिज्या सेंटिमीटरमध्ये आणि `rpm` म्हणजे मिनिटाला फेरे. 10 सेंटिमीटर त्रिज्येच्या रोटरला मिनिटाला 5000 फेरे दिले तर बल सुमारे 2800 जी इतकेच पडते. ‘5000 वेगाने’ असे वाचून कोणी यंत्रावर 5000 फेरे लावले तर त्याला जवळजवळ निम्मे बल मिळेल आणि बारीक कण वरच तरंगत राहतील. ‘गुरुत्वाच्या 5000 पट बलाने’ हे थोडे लांब आहे, पण पहिल्यांदा तसे लिहून पुढे ‘5000 जी’ म्हणता येते. मूळ निबंधात फेरेच दिले असतील तर फेरे लिहावेत. त्रिज्या दिलेली नसताना आपण बल काढून देऊ नये.

आकारमानाचेही असेच. ‘वॉज मेड अप टु 100 मिली’ याचे ‘100 मिलीपर्यंत बनवला’ हे भाषांतर कोणालाच कळत नाही. ते सुधारताना ‘100 मिली मिथेनॉल घालून’ असे होते आणि इथे आकडा सपशेल बदलतो. 10 ग्रॅम भुकटी 100 मिली मिथेनॉलमध्ये भिजवली की काही द्रव भुकटीतच राहतो. समजा 80 मिली हाती लागला. मूळ कृतीप्रमाणे त्यात 20 मिली घालून एकूण 100 मिली करायचे. चुकीच्या वाक्याप्रमाणे 100 मिली घालून 180 मिली होतील, आणि पुढचे सगळे आकडे जवळजवळ निम्म्यावर येतील. त्यामुळे ‘एकूण 100 मिली होईपर्यंत मिथेनॉल घातले’. ‘एकूण’ आणि ‘होईपर्यंत’ हे दोन शब्द इथे सोडायचे नाहीत. ‘10 पट पातळ’ याचेही तसेच : एक भाग अभिकारक आणि 9 भाग पाणी. ‘10 पट पाणी घालून’ म्हटले की ते 11 पट झाले.

शब्दांच्या बाबतीत दोनच सांगतो, कारण बाकीचे कोणत्याही चांगल्या मराठी वाचकाला कळतात. ‘जोडले’ आणि ‘घातले’ यांतले ‘घातले’ घ्यावे, हे उघड आहे. ‘उबवले’ मात्र फसवे आहे. जिवाणूंच्या बशा 37 अंशाला ठेवल्या तर ‘उबवल्या’ चालते, कारण तिथे खरेच ऊब दिलेली असते. वरच्या उतार्‍यात मिश्रण नुसते अंधारात ठेवले आहे, तापमान दिलेले नाही. तिथे ‘उबवले’ लिहिले तर वाचणारा ते गरम पेटीत ठेवेल. ‘इन्क्युबेट’ दिसले की आधी तापमान बघावे. वेगळे तापमान दिलेले नसेल तर ‘ठेवले’ पुरते.

उतारा पुन्हा लिहिताना

मी लिहायला बसण्याआधी एका कागदावर फक्त क्रिया उतरवतो, आणि प्रत्येकीसमोर तिचा पदार्थ, आकडे आणि ‘आधी-नंतर-सोबत’ यांपैकी जे असेल ते. वरच्या उतार्‍यासाठी ती यादी धुणे, वाळवणे, भुकटी करणे, हलवत ठेवणे, बसू देणे, सेंट्रिफ्यूज करणे, काढून घेणे, एकूण आकारमान करणे, अभिकारक घालणे, थांबणे, कार्बोनेट घालणे, अंधारात ठेवणे, मोजणे अशी होते. मग इंग्रजी बाजूला ठेवून या यादीवरून मराठी लिहायचे. इंग्रजी वाक्य डोळ्यांसमोर असले की त्याची बांधणी हातात उतरते. यादीवरून लिहिले की ती उतरत नाही. असे लिहिलेला उतारा असा होतो :

‘शेवग्याची ताजी पाने धुऊन सावलीत वाळवली आणि त्यांची भुकटी केली. 10 ग्रॅम भुकटी 100 मिली 80 टक्के मिथेनॉलमध्ये घालून खोलीच्या तापमानाला 24 तास सतत हलवत ठेवली. त्यानंतर मिश्रण स्थिर ठेवून गाळ बसू दिला. मग ते 4 अंश सेल्सिअसला, गुरुत्वाच्या 5000 पट बलाने 10 मिनिटे सेंट्रिफ्यूज केले आणि वरचा निवळ द्रव काढून घेतला. एकूण 100 मिली होईपर्यंत त्यात मिथेनॉल घातले. यातल्या 0.5 मिली अर्कात 10 पट विरल केलेले फोलिन-सिओकाल्ट्यू अभिकारक 2.5 मिली घातले. 5 मिनिटांनी सोडियम कार्बोनेटचे 7.5 टक्के द्रावण 2 मिली घातले. मिश्रण 30 मिनिटे अंधारात ठेवले आणि 765 नॅनोमीटरला त्याचा ॲब्सॉर्बन्स ब्लँकच्या तुलनेत मोजला.’

यात एकही ‘गेले’ नाही, ‘आम्ही’ही नाही. एका जागी मात्र मी थबकेन : ‘त्यात मिथेनॉल घातले’. मूळ वाक्याने 100 मिली कशाने केले ते सांगितलेले नाही. तेच 80 टक्के मिथेनॉल असण्याचा संभव मोठा आहे, पण शुद्ध मिथेनॉल किंवा पाणीही असू शकते. निबंधात इतरत्र ते सापडले तर इथे नेमके लिहावे. नाहीच सापडले तर ‘अर्काचे एकूण आकारमान 100 मिली केले’ असे लिहून थांबावे. कर्मणी वाक्यातून मराठीत येताना जशी कर्त्याची जागा रिकामी राहू शकते तशी पदार्थाचीही राहू शकते, आणि ती भरायचा अधिकार भाषांतर करणाऱ्याला नाही. ‘ब्लँक’चेही तसेच आहे. नेहमीच्या कृतीत अर्काच्या जागी नुसता द्रावक घेऊन बाकी सगळे घातलेली नळी म्हणजे ब्लँक, पण मूळ निबंधाने ते सांगितले नसेल तर ‘ब्लँक’ एवढेच राहू द्यावे.

तपासायचे कसे

इंग्रजी शेजारी ठेवून मराठी तपासली तर चुका दिसत नाहीत, कारण डोळा इंग्रजीतला अर्थ मराठीत भरत जातो. फक्त मराठी उतारा प्रयोगशाळेत काम केलेल्या कोणाला तरी द्यावा आणि त्यावरून पायऱ्या काढायला सांगाव्यात : कशात काय घातले, किती, कोणत्या तापमानाला, किती वेळ, कशाच्या नंतर. ती यादी आणि आपली पहिली यादी शेजारी ठेवली की सरकलेली 5 मिनिटे लगेच सापडतात. त्या माणसाने मध्येच ‘हे कशात घालायचे?’ असे विचारले तर तो प्रश्न त्याच्या अडाणीपणाचा समजू नये. ते वाक्य पुन्हा बघावे. मूळ इंग्रजीत उत्तर असेल तर आपण ते गाळले आहे. इंग्रजीतही नसेल तर ती मूळ लेखकांची पोकळी आहे आणि ती तशीच ठेवायची.

अशी पोकळी सगळ्यात जास्त येते ती शेवटच्या वाक्यात : ‘ऑल मेजरमेंट्स वेअर परफॉर्म्ड इन ट्रिप्लिकेट’. याचे ‘सर्व मापने तीन वेळा केली’ हे अगदी सहज मराठी आहे, पण ‘तीन वेळा’ म्हटले की प्रयोग तीन निरनिराळ्या प्रसंगी केला असे वाटते. मुळात एकाच अर्काच्या तीन नळ्या लावलेल्या असू शकतात, किंवा पानांचे तीन स्वतंत्र अर्क काढलेले असू शकतात. पहिल्यात फक्त मोजण्यातली चूक कळते, दुसऱ्यात अर्क काढण्यातला फरकही कळतो, आणि तक्त्यातल्या ‘±’नंतरच्या आकड्याचा अर्थ त्यावर ठरतो. निबंधात ‘इंडिपेंडंट एक्स्ट्रॅक्शन्स’ असे कुठे म्हटले असेल तर ‘तीन स्वतंत्र अर्क काढून’ लिहावे, आणि एकाच नमुन्याचे म्हटले असेल तर ‘एकाच अर्काची तीन वाचने घेतली’. काहीच म्हटले नसेल तर ‘सर्व मापने तिहेरी केली’ असे लिहितो. हा शब्द थोडा कोरडा आहे, पण तो इंग्रजीइतकाच मोघम आहे.

मूळ लेखकांचा पत्रव्यवहाराचा पत्ता बहुतेक वेळा निबंधाच्या पहिल्या पानावर असतो. नेमके उत्तर हवेच असेल तर त्यांना विचारावे, आणि उत्तर आले तर ते उतार्‍यात न मिसळता भाषांतरकाराची टीप म्हणून खाली द्यावे.